शबरीमलेच्या 41 दिवसांच्या व्रतात माळ कधी घालावी?

प्रश्न: मी 14 जानेवारीला मकरविळक्कू उत्सवासाठी केरळमधील अय्यप्पाच्या मंदिरात, शबरीमलेला जाणार आहे. माळ कधी घालू आणि मध्येच सुतक आले तर काय करू?

उत्तर: दर्शनाचा दिवस एकेचाळिसावा धरून मागे मोजल्यास माळ 5 डिसेंबरला पडते. त्या पहाटे स्नान करून, अय्यप्पाचे पदक ओवलेली तुळशीची किंवा रुद्राक्षाची माळ गुरुस्वामी म्हणजे यात्रेचा अनुभव असलेल्या ज्येष्ठ भक्ताच्या, मंदिरातील पुजाऱ्याच्या अथवा आईच्या हातून गळ्यात घालून घ्यावी. तेथून व्रत सुरू होते.

त्यानंतर दोन्ही वेळा स्नान, साधे शाकाहारी जेवण आणि ब्रह्मचर्य पाळावे, दाढी-केस कापू नयेत, मद्य-तंबाखूला स्पर्श करू नये. माझ्या मते सर्वांत कठीण नियम रागावर ताबा ठेवण्याचा आहे, कारण समोरच्या प्रत्येकाला ‘स्वामी’ म्हणायचे असते.

जवळच्या नात्यात मृत्यू झाल्यास माळ उतरवतात आणि व्रत तेथेच थांबते. पुढे जाण्याविषयी गुरुस्वामींना विचारावे, मोडलेले दिवस आपणच जुळवू नयेत. सर्व सुरळीत पार पडल्यास निघण्यापूर्वी नारळात तूप भरून इरुमुडी म्हणजे डोक्यावर न्यायची पूजासाहित्याची दुहेरी गाठोडी बांधतात, कारण तिच्याशिवाय मंदिराच्या अठरा पवित्र पायऱ्या चढता येत नाहीत. माळ मात्र घरी परतल्यावरच उतरवावी.