सुपर टॅकलला इंग्रजीत काय म्हणायचं?

'सर, मी टीवायबीएला आहे. शाळेपासून कबड्डी खेळलो, डावा कोपरा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खेळणं बंद झालं, म्हणून आता मॅचचे लाइव्ह अपडेट इंग्रजीत लिहायचं काम शोधतोय. एका ठिकाणी ट्रायलला एक क्लिप दिली होती, त्यावर मी लिहिलं "द प्लेयर वॉज कॅच्ड बाय सुपर टॅकल अँड दे गॉट टू प्लेयर्स अलाइव्ह". घेतलं नाही. गेम मला पाठ आहे सर, इंग्रजीत अडतं. रेड, बोनस, सुपर टॅकल हे इंग्रजीत नीट कसं सांगायचं? आधी स्पीकिंगचा क्लास लावू का?'

क्लासचे पैसे सध्या खिशातच ठेव. तुझ्या त्या एका वाक्यात तीन-चार चुका आहेत आणि त्यातली सगळ्यात मोठी कबड्डीची आहे, इंग्रजीची नाही. राग मानू नकोस, पण सुपर टॅकलला दोन पॉइंट मिळतात म्हणून दोन गडी जिवंत होत नाहीत, एकच होतो, दुसरा पॉइंट हा नुसता जादा पॉइंट. मॅटवर असताना तू हे कधीच चुकला नसतास, कारण बाहेर बसलेला कोण आत येतोय ते डोळ्याला दिसतं, पण लिहायला बसल्यावर माणूस स्कोअरबोर्डकडे बघून लिहितो आणि तिथे दोन दिसले की हात आपोआप दोन लिहून जातो. ट्रायल तपासणाऱ्याला कॅच्ड बघून हसू आलं असेल, ते डेस्कवर कुणीही दोन सेकंदात सुधारतं, पण मॅटवरचे गडी चुकीचे मोजणारा माणूस त्यांना नको असतो, कारण पुढच्या प्रत्येक रेडला तो आकडा चुकतच जातो.

आता शब्दांकडे. रेड, बोनस, सुपर टॅकल हे शब्द इंग्रजीत तसेच राहतात, त्यांचं भाषांतर करायचं नाही. आपल्याकडे चढाई, पकड, लोण, अव्वल पकड असे छान शब्द आहेत आणि गोंधळ होतो तो तिथूनच, कारण डोक्यात पकड आली की हात कॅच लिहितो. कॅच बॉलचा असतो, माणसाचा टॅकल. लोण म्हणजे ऑल आउट. दम म्हणजे कँट, ब्रेथ लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल रेडरला धाप लागली. आणि बाद झालेला गडी परत येतो तेव्हा तो रिव्हाइव्ह होतो, अलाइव्ह नाही, अलाइव्ह म्हटलं की आधी तो मेला होता की काय असं होतं. आउटचंही तसंच, आपण 'त्याला आउट केला' म्हणतो म्हणून कित्येक जण ही आउटेड हिम लिहितात. ही गॉट हिम आउट लिही.

रेडच्या बाबतीत एकच गोष्ट घोटून घे. रेडर 30 सेकंदांत काही न मिळवता सुखरूप परत आला आणि समोरच्यांनाही काही मिळालं नाही तर ती एम्प्टी रेड. पकडला गेला तर अनसक्सेसफुल रेड. मराठीत दोन्हीला आपण 'फुकट गेली' म्हणून मोकळे होतो आणि तिथेच फेल्ड रेड असा गोलमोल शब्द येतो. एम्प्टी रेड लागोपाठ दोन झाल्या की तिसरी डू ऑर डाय होते, म्हणजे हा शब्द चुकला तर पुढचं गणितही गडगडलं.

बोनसला इंग्रजीपेक्षा अट महत्त्वाची. समोर सहा किंवा सात डिफेंडर असतील तरच बोनस असतो, तेव्हा कॉमेंट्रीत म्हणतात द बोनस इज ऑन, पाचवर आले की इट्स ऑफ. ज्याला खेळ माहीत नाही त्याला एकदा सांगायचं असेल तर इतकंच पुरे: ही पुट्स वन फुट अक्रॉस द बोनस लाइन विथ द अदर फुट इन द एअर. यातला दुसरा अर्धा भाग, मागचा पाय हवेत, लोक गाळतात आणि मग थर्ड अंपायरने बोनस का नाकारला ते त्यांना सांगताच येत नाही. पुरुषांच्या कोर्टवर ही रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर असते, निदान रेषेच्या एक मीटर पलीकडे, पण हे दर वेळी लिहू नकोस, कंटाळतात. मात्र दोन गोष्टी कायम लक्षात ठेव. बोनसने कुणीही रिव्हाइव्ह होत नाही. आणि बोनस घेऊन रेडर पकडला गेला तर बोनसचा एक त्याच्या टीमला आणि टॅकलचा एक समोरच्यांना, दोन्ही मिळतात. हे आपल्याला एका वाक्यात म्हणायला त्रास होतो, पण इंग्रजीत बट लावलं की काम झालं: ही गेट्स द बोनस बट डझंट गेट बॅक.

आता सुपर टॅकल. सुपर या शब्दाने भलेभले फसतात. पाच जणांनी मिळून रेडरला कितीही झकास उचलून आपटला तरी ती सुपर टॅकल नाही, ती फक्त ग्रेट टॅकल. मॅटवर तीन किंवा त्याहून कमी डिफेंडर असताना केलेली पकडच सुपर टॅकल, मग ती कशीही वेडीवाकडी झालेली असो. यावरून तुझं तुलाच तपासता येईल अशी एक खूण देतो. बोनसला कमीत कमी सहा डिफेंडर लागतात आणि सुपर टॅकलला जास्तीत जास्त तीन, म्हणजे एकाच रेडमध्ये दोन्ही होऊच शकत नाहीत. तुझ्या अपडेटमध्ये कधी दोन्ही शब्द एका रेडवर आले तर थांब, काहीतरी चुकलंय.

एक रेड करून बघू. समज पिवळी टीम 28, निळी 24, निळ्यांचे तिघेच मॅटवर, डावा कोपरा, उजवा कोपरा आणि उजवा कव्हर. पिवळ्यांचा रेडर आला, डावीकडे हूल दिली, मग वळून उजव्या कोपऱ्याकडे हात टाकायला गेला आणि कोपऱ्याने खाली जाऊन घोटा धरला. रेडर मध्यरेषेकडे ओढत निघाला, पण कव्हरने आडवा येऊन अडवला.

रेड सुरू होण्याआधी लिहायचं: थ्री डिफेंडर्स लेफ्ट, द सुपर टॅकल इज ऑन. तिघांना थ्री मेन लिहू नकोस, उद्या मुलींच्या मॅचला तुझी तीच सवय नडेल. मग रेड: ही रीचेस फॉर द राइट कॉर्नर. अँकल होल्ड! द कव्हर क्लोजेस इन अँड ही कान्ट गेट टू द मिडलाइन. आणि शेवटी हिशेब: सुपर टॅकल, टू पॉइंट्स, वन डिफेंडर रिव्हाइव्ह्ड, 28-26. आता निळे मॅटवर चार, म्हणजे निळ्यांची सुपर टॅकल आता ऑफ. हे शेवटचं वाक्य फार कमी जण लिहितात आणि वाचणाऱ्याला खरं तेच हवं असतं.

समज उलटं झालं असतं आणि रेडरने तिघांनाही हात लावून मध्यरेषा गाठली असती तर टचचे तीन आणि ऑल आउटचे दोन, एका रेडमध्ये पाच, 28 चे 33. मग तीच सुपर रेड, कारण रेडरने एका रेडमध्ये तीन किंवा जास्त घेतले की सुपर रेड. म्हणजे तिघं उरलेत ही एकच स्थिती दोन पॉइंट मिळवून पण देऊ शकते आणि पाच घालवू पण शकते, आणि तू सुरुवातीलाच थ्री डिफेंडर्स लेफ्ट लिहून ठेवलं असलंस तर हे वाचणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही.

अजून एक, ही खरंच भाषेची गोष्ट आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून बोलता बोलता आपल्याला बघायला वेळ मिळतो, 'उजव्या कोपऱ्याने खाली वाकून रेडरचा घोटा…' इथपर्यंत येऊन धरला की सुटला ते नंतर ठरवता येतं. इंग्रजीत कर्ता झाला की लगेच क्रियापद लागतं, म्हणून अडखळायला होतं आणि आपल्याला वाटतं आपलं इंग्रजीच कच्चं आहे. यावर लाइव्ह लिहिणाऱ्यांची सोपी युक्ती आहे, आधी क्रियापद नसलेला तुकडा टाकायचा. अँकल होल्ड! इतकंच. मग निकाल लागला की वाक्य. आणि लाइव्हला वर्तमानकाळ, मॅच रिपोर्टला भूतकाळ, एका अपडेटमध्ये दोन्ही मिसळू नको, तुझ्या ट्रायलमध्ये लाइव्ह अपडेटला वॉज आणि गॉट आलं होतं तेही त्यांना खटकलं असणार.

बाय द वे, कधी बोलायची वेळ आली तर अँकल हा शब्द जपून. आपल्याकडे निम्मे लोक त्याला अंकल होल्ड म्हणतात, मी पण म्हणायचो, एका आंतरकॉलेज स्पर्धेत माइकवर दोन दिवस काकांनाच धरत होतो आणि कुणी सांगितलं पण नाही.

क्लासच्या ऐवजी असं कर. कुठलीही जुनी मॅच लाव, आवाज बंद, फक्त 10 रेड. प्रत्येक रेडला सुरू होण्याआधी दोन्हीकडचे मॅटवरचे गडी आकड्यात लिही, मग बोनस ऑन की ऑफ, सुपर टॅकल ऑन की ऑफ, मग रेड, मग पॉइंट आणि किती रिव्हाइव्ह झाले. सुरुवातीला एका रेडला पाच मिनिटं लागतील, लागू दे, पॉज करत जा. मग आवाज लावून परत बघ आणि इंग्रजी कॉमेंट्रीत काय म्हणाले ते शेजारी लिही. जिथे तुझे आकडे बरोबर पण वाक्य अडलंय अशा रेडना गोल कर, तेवढ्याच मला पाठव. आकडे चुकलेल्या रेड तुझ्या तूच परत बघ, त्या मी तपासणार नाही.