२० नगांच्या लॉटमधून ५ नग तपासताना बायनॉमियल लावायचं की हायपरजॉमेट्रिक?

प्रश्न: आमच्याकडे २० कास्टिंगचा लॉट येतो. त्यातले ५ काढून तपासतो, एकही खराब निघालं नाही तर लॉट पास. पुस्तकात असंच गणित बायनॉमियलने सोडवलंय, पण सर म्हणतात इथे हायपरजॉमेट्रिकच हवं. उत्तरात खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर:

पडतो. किती, ते आधी आकड्यांतच बघू. समजा २० पैकी ४ कास्टिंग खराब आहेत, म्हणजे २० टक्के, आणि हे तुम्हाला माहीत नाही. असा लॉट तुमच्या तपासणीतून पास होण्याची संभाव्यता किती?

बायनॉमियलने: प्रत्येक नग चांगला निघण्याची शक्यता ०.८, म्हणून पाचही चांगले निघण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे ०.३२७७.

आता टेबलावर प्रत्यक्षात काय होतं ते बघा. पहिला नग उचलताना २० पैकी १६ चांगले आहेत. तो चांगला निघाला आणि तुम्ही बाजूला ठेवला, की उरलेल्या १९ मध्ये चांगले १५ च. पुढे १८ मध्ये १४, १७ मध्ये १३, १६ मध्ये १२.

१६/२० × १५/१९ × १४/१८ × १३/१७ × १२/१६ = ०.२८१७

प्रत्येक चांगला नग काढला की उरलेल्या ढिगात खराब मालाचं प्रमाण वाढतं. सुरुवातीला चांगला नग निघण्याची शक्यता ८० टक्के होती, पाचव्या नगापर्यंत ती ७५ वर येते. काढलेला नग दरवेळी परत ढिगात टाकून, ढवळून पुन्हा उचलला असता, तर बायनॉमियल बरोबर ठरलं असतं. पण तपासलेला नग परत कोण टाकतो?

हाच आकडा उलट बाजूनेही मिळतो, आणि मला ती बाजू जास्त पटते. तुम्ही ५ उघडलेत, १५ न उघडलेले आहेत. लॉट पास व्हायचा तर चारही खराब नग त्या १५ मध्येच असायला हवेत. म्हणजे १५/२० × १४/१९ × १३/१८ × १२/१७. उत्तर तेच, ०.२८१७. नमुना आणि खराब नग यांच्या जागा बदलल्या तरी फरक पडत नाही.

एक्सेलमध्ये दोन्ही असे येतात:

```
=HYPGEOM.DIST(0,5,4,20,FALSE)
=BINOM.DIST(0,5,0.2,FALSE)
```

पहिल्या सूत्रात क्रम नीट पाळा: नमुन्यातले खराब, नमुना, लॉटमधले खराब, लॉट.

सरासरीत मात्र दोघांत काही फरक नाही. ५ नगांत सरासरी १ खराब निघेल, असं दोन्ही सांगतात. फरक पसरटपणात आहे. बायनॉमियलचं प्रचरण ०.८ आहे, हायपरजॉमेट्रिकचं त्याला १५/१९ ने गुणून ०.६३. परत न टाकता काढलेला नमुना लॉटपासून फार लांब भरकटू शकत नाही. त्याचा टोकाचा पुरावा हवा असेल, तर पाचही नग खराब निघण्याची शक्यता काढून बघा. बायनॉमियल १० हजारांत साधारण ३ सांगतं, आणि लॉटमध्ये खराब नग मुळात चारच आहेत!

यावरून कुणी म्हणेल, बायनॉमियल पास होण्याची शक्यता जास्तच दाखवतं ना, म्हणजे ग्राहक सुरक्षित बाजूला राहतो, वापरू दे. शून्य खराबच्या नियमाला हे लागू आहे. पण नियम ‘एकापर्यंत खराब चालेल’ असा केलात की दिशा उलटते. आपल्याच लॉटमध्ये शून्य किंवा एक खराब निघण्याची खरी शक्यता ०.७५१ आहे आणि बायनॉमियल ०.७३७ सांगतं. आता तेच सूत्र धोका कमी दाखवतंय. म्हणून ‘सुरक्षित बाजू’ गृहीत धरू नका, आपल्या नियमासाठी आकडा काढा.

याचा पैशाशी संबंध कुठे येतो ते सांगतो. मी काही वर्षं कास्टिंगची इनवर्ड तपासणी केली आहे. आतले ब्लोहोल बघायला आम्ही नग कापायचो, आणि कापलेला नग भंगारात जायचा. २० च्या लॉटमध्ये ४ खराब असतील तर तो पास होण्याची शक्यता १० टक्क्यांच्या आत हवी, असं ठरवलं तर किती नग कापायचे? ०.८ चा घात १० टक्क्यांखाली यायला बायनॉमियल ११ नग मागतं (१० नगांना १०.७ टक्के येतात). हायपरजॉमेट्रिकने ८ नगांना १०.२ टक्के आणि ९ नगांना ६.८ टक्के येतात, म्हणजे ९ पुरे. २० नगांच्या लॉटमधले दोन चांगले नग निव्वळ चुकीच्या सूत्रापायी कापले गेले असते.

लॉट मोठा झाला की हे सगळं विरतं. २०० नगांत ४० खराब आणि नमुना तोच ५ चा, तर खरी शक्यता ०.३२३५, बायनॉमियलच्या ०.३२७७ च्या अगदी जवळ. नमुना लॉटच्या दहाव्या भागापेक्षा लहान असेल तर बायनॉमियल चालवून घ्यायचं, असा ठोकताळा यातूनच आलाय. तुमच्या लॉटमध्ये नमुना चौथा भाग आहे.

एवढं सांगूनही तुमच्या पुस्तकाला मी लगेच चूक म्हणणार नाही. त्यातला प्रश्न नेमका कशाबद्दल आहे ते आधी वाचा. ‘या लॉटमध्ये ४ खराब आहेत’ असं दिलं असेल तर सर बरोबर. पण ‘या साच्यातून येणारं प्रत्येक कास्टिंग खराब निघण्याची शक्यता २० टक्के’ असं दिलं असेल, तर बायनॉमियल हे अंदाजी उत्तर नव्हे, तेच अचूक उत्तर आहे, लॉट २० चा असो की ६ चा. कारण तेव्हा लॉटमध्ये ४ च खराब आहेत असं कुणी ठरवलेलं नसतं. एखाद्या लॉटमध्ये २ असतील, एखाद्यात ६. दोन असताना पास होण्याची शक्यता ५५ टक्के आहे, सहा असताना १३. या दोन लॉटची सरासरी ३४ टक्के होते, चार खराब असलेल्या लॉटच्या २८ पेक्षा जास्त. कमी खराब असलेले लॉट जेवढं वर ओढतात तेवढं जास्त खराब असलेले खाली ओढत नाहीत. शून्यापासून वीसपर्यंतच्या सगळ्या शक्यता त्यांच्या वजनाने मिळवल्या, की उत्तर बरोबर ०.३२७७ वर येतं.

म्हणून समोरचं खोकं घ्यायचं की परत पाठवायचं हे ठरवताना हायपरजॉमेट्रिक वापरा, आणि पुरवठादाराचा साचा महिनोन्‌महिने कसा माल देतोय हे तपासताना बायनॉमियल. सरांना पुस्तकातलं ते वाक्य जसंच्या तसं दाखवा. माझा अंदाज आहे, वाद तिथेच आहे.