ताई, माझ्या पोटात काही राहत नाही

"मॅडम, ऑफिसमधल्या एक सिनियर ताई मला रोज व्हॉट्सॲपवर टीममधल्या दुसऱ्या मुलीबद्दल काहीबाही पाठवतात. गप्प बसले तर म्हणतात भाव खातेस, आणि नको म्हटलं तर मीच साळसूद ठरते. ताई वाईट नाहीत, मला त्यांच्याशी बिघडवायचंही नाहीये. नेमकं काय लिहू?"

असाच प्रश्न घेऊन दोनेक वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, तपशील थोडे बदलून तिचीच गोष्ट सांगते. ती अकाउंट्समध्ये होती, तिघींची टीम. तिला म्हटलं तोंडी सांगू नकोस, चॅट वाचून दाखव. तर ताईंचा मेसेज होता, "आज परत साडेपाचला पळाली बघ 🙄" आणि त्याखाली हिचं उत्तर, "😂😂 हो ना". मग ताईंचे सलग सहा मेसेज. आम्ही तीन आठवडे मागे गेलो तर दर वेळी हेच, हिने त्या मुलीबद्दल एकही वाईट शब्द लिहिला नव्हता पण हसायचा इमोजी आणि हो ना मात्र जवळजवळ रोज. ती म्हणाली मॅडम ते मी नुसतं टाकायचं म्हणून टाकते हो. तिला ते नुसतं, पण ताईंना ती सही वाटते, आणि उद्या कोणी स्क्रीनशॉट काढला तर त्यात "टाकायचं म्हणून" हे कुठे दिसणारे?

इथे मला एक जुना अभ्यास आठवतो. डॉना एडर आणि जेनेट एन्के या दोघींनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या आपापसातल्या गप्पा रेकॉर्ड करून तपासल्या होत्या, १९९१ साली तो छापून आला. त्यात दिसलं की कोणीतरी तिसऱ्याबद्दल वाईट बोललं की लगेच येणारं पहिलं उत्तर फार महत्त्वाचं असतं, एकाने री ओढली की मग बाकीच्यांना उलटं बोलणं अवघड होऊन बसतं. ऑफिसातल्या मोठ्या बायाबाप्यांचंही मला काही वेगळं दिसत नाही. म्हणून आमचं सगळं काम त्या पहिल्या उत्तरावर झालं, नंतरच्या वादावर नाही.

तिचे आधीचे प्रयत्न दोन. एकदा तिने लिहिलं होतं "ताई आपण कोणाच्या मागे बोलू नये", त्यावर ताईंनी "बरं बाई" लिहिलं आणि दोन दिवस चहाला हाक मारली नाही. दुसऱ्यांदा निळ्या टिका पडू दिल्या आणि उत्तरच दिलं नाही, तर संध्याकाळी "रागावलीस का" आलं. पहिल्यात उपदेश झाला, दुसऱ्यात दार आपटल्यासारखं झालं.

मग मी तिला एक मेसेज पूर्ण वाचायला सांगितला. "आज परत साडेपाचला पळाली, टू-बीचं मॅचिंग परत माझ्याच गळ्यात." म्हटलं यात वाक्यं किती? दोन. पहिलं त्या मुलीबद्दल, दुसरं ताईंबद्दल, तू आजवर कायम पहिल्यालाच उत्तर देत आलीस. जीएसटीत १४ तारखेला टू-बी येतं, म्हणजे माल देणाऱ्या पार्ट्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी, ती आपल्या हिशोबाशी जुळवायची आणि बऱ्याच कंपन्यांना २० तारखेपर्यंत थ्री-बी हे महिन्याचं रिटर्न भरायचं असतं, म्हणजे मधले पाच-सहा दिवस नुसती रणधुमाळी, आणि ताईंचे हे मेसेज बघितले तर बहुतेक त्याच दिवसांतले होते! त्या बाई चुगल्या करत होत्या हे खरंच, पण त्याहून जास्त त्या थकल्या होत्या आणि ते कोणीतरी बघावं असं त्यांना वाटत होतं.

तेव्हा उत्तर ठरलं, "अरे देवा, आज पण तुम्हीच? किती पार्ट्या राहिल्यात अजून?" बस. त्या मुलीचं नावही नाही, इमोजीही नाही, आणि शेवटी असा प्रश्न की ज्याचं उत्तर ताईंना स्वतःबद्दल द्यावं लागेल. "बाकी काय" हा प्रश्न मात्र चालत नाही बरं का, त्याला उत्तर म्हणून परत तेच येतं.

इथे माझी एक चूक झाली. मी तिला पुढे "थोड्या मी करू का" हेही लिहायला सांगितलं होतं, माणुसकी म्हणून, तर आठवडाभर हीच रात्री नऊपर्यंत मॅचिंग करत बसली. पुढच्या वेळी ते वाक्य काढून टाकलं. कळवळा दाखवायला काम अंगावर घ्यावं लागत नाही.

अवघड मेसेज पुढे आला. "तिचं घरी काहीतरी चाललंय म्हणे, नवऱ्याशी पटत नाहीये, तुला काही बोलली का?" यात ताईंचं स्वतःचं असं काहीच नाही, उचलायचं काय? तिने सवयीने टाइप केलं होतं "नाही हो ताई, ती तशी नाहीये", ते मी पाठवू दिलं नाही. बाजू घेतली की समोरचा पुरावे आणतो, मग अजून दहा मेसेज. आम्ही बराच वेळ वाक्यं जुळवत बसलो आणि मग तीच एकदम म्हणाली, "मॅडम खरं सांगू का, मला कळलं ना की माझ्या तोंडावर दिसतं." म्हटलं अगं मग हेच लिही की! गेलेला मेसेज असा, "मला नाही माहीत ताई, आणि मला सांगूही नका, माझ्या पोटात काही राहत नाही, उद्या तिच्यासमोर तोंडावर दिसेल 😅 लेकाच्या ॲडमिशनचं काय झालं?" दोष स्वतःकडे घेतला, तोही खरा, त्यामुळे ताईंना टोचायला काही उरलं नाही. आणि ज्याच्या पोटात राहत नाही त्याला कोण कशाला गुपित सांगेल! इथे इमोजी चालतो, कारण हसू स्वतःवर आहे.

तरी तीनेक आठवड्यांनी आलंच, "हल्ली तिच्याबद्दल काही बोलतच नाहीस, चमची झालीस का तिची?" हा चॅटवर सोडवायचा विषयच नाही, लिहिलेल्यात आवाज ऐकू येत नाही आणि दुखावलेला माणूस साधं वाक्यही तिरकं वाचतो. तिने फक्त "उद्या चहाला सांगते" लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर म्हणाली, "ताई, मला तुमच्याशी गप्पा हव्यात हो, पण तिचा विषय निघाला की आपलं बोलणंच राहून जातं." ताई थोडा वेळ गप्प, मग कामाच्या वाटपावर बोलायला लागल्या. साहेबांकडे जायला त्यांना अजून दोन महिने लागले, ते असो.

एक मात्र तुम्हाला सांगून ठेवते, येणारी गोष्ट पैशाच्या घोळाची किंवा कोणी कोणाला त्रास देतंय अशी असेल तर ती अशी हसून टाळायची नाही. तिथे "हे मला नको, एचआरला सांगा, हवं तर मी सोबत येते" असं सरळ लिहायचं.

ताईंच्या चुगल्या काही बंद पडल्या नाहीत, आता त्या पलीकडच्या टीममधल्या कोणाला तरी पाठवतात असं ही हसत सांगत होती. ती मुलगी साडेपाचला का जाते हे हिला आजही माहीत नाही. शेवटच्या भेटीत हिने आदल्या रात्रीचा, २० तारखेचा मेसेज दाखवला, "भरलं एकदाचं!! उद्या डबा आणू नकोस, थालीपीठ आणतेय."