लघवी स्वच्छ होते म्हणजे पाणी पुरतंय, असं नाही

"मी सिकलसेलची पेशंट आहे, एसएस. दहावा आठवडा चालू आहे. उलट्या होतात, पण लघवी अगदी पाण्यासारखी स्वच्छ होते, म्हणजे पाणी कमी पडत नाहीये ना? घराजवळच्या मॅडम चांगल्या आहेत, तरी त्या स्वतःच मोठ्या दवाखान्यात जा म्हणतात. माझ्या नणंदेलाही सिकलसेल आहे, तिची दोन्ही बाळंतपणं गावातच नीट झाली. मग मलाच एवढं कशाला?"

ताई, आधी नणंदेचं बघू. त्या बहुतेक वाहक असणार, म्हणजे रिपोर्टवर एएस. रिपोर्ट घरात असेल तर काढून बघा. वाहकाच्या रक्तात निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन नेहमीचंच असतं, त्यामुळे एरवी त्यांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत आणि दुखण्याचा झटका येत नाही. त्यांची गरोदरपणं चारचौघींसारखीच जातात. नवऱ्याचं रक्त तपासायचं आणि लघवीत जंतुसंसर्ग होत नाही ना हे पाहायचं, एवढंच वेगळं. तुमच्या रक्तात ते नेहमीचं हिमोग्लोबिन नाहीच. घरात दोघींच्या आजाराला एकच नाव असलं तरी तुमची काळजी वेगळी घ्यावी लागते.

लघवीबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण तिच्यावरूनच अंदाज घ्यायची सवय आपल्या सगळ्यांना असते. लघवी पिवळी झाली की पाणी प्या, हा सल्ला इतरांसाठी बरोबर आहे. पण मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त असतात. एसएस असलेल्या माणसाच्या पेशी तिथे लहानपणापासून वाकत राहतात, बारीक रक्तवाहिन्या बुजतात, आणि लघवी दाट करून पाणी वाचवायची मूत्रपिंडाची ताकद जाते. मग अंगात पाण्याचा तुटवडा असला तरी पातळ, स्वच्छ लघवी भरपूर होतच राहते. इकडे लाल पेशीतलं पाणी घटलं की आतलं हिमोग्लोबिन दाटीवाटीने एकमेकांना चिकटतं, पेशी वाकतात आणि हाडांकडे जाणारं रक्त अडतं. दुखणं सुरू होतं ते असं.

गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सुनंदा म्हणू, खरं वेगळं आहे. नंदुरबारकडची, नवरा भोसरीत कामाला, ती स्वतः एका पॅकिंग युनिटमध्ये. वजन ४४ किलो, एसएस, अकरावा आठवडा, आणि एप्रिलचं ऊन. राहायला पत्र्याची खोली, दुपारी आत बसवत नाही. कामावर बायकांसाठी एकच संडास, तोही लांब, म्हणून ती शिफ्टमध्ये पाणी टाळायची. ही सवय पुण्यात मी इतक्या जणींत पाहिली आहे की आता पहिल्याच भेटीत संडास किती लांब आहे ते विचारते. तिचंही म्हणणं तुमच्यासारखंच होतं, "मॅडम, लघवी एकदम साफ होते."

वजन केलं तर गरोदरपणाआधीच्या कार्डापेक्षा अडीच किलो कमी भरलं. जीभ कोरडी, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. लघवीच्या तपासणीत किटोन निघाले, म्हणजे पोटात अन्न टिकत नव्हतं. लघवीचा रंग काहीही असो, तिला सलाइनची गरज होती. डॉक्टरांनी तिला दोन दिवस दाखल करून घेतलं आणि गरोदरपणात चालणारी उलटीची गोळी सुरू केली.

घरी जाताना आम्ही पाण्याचा हिशेब बांधून दिला. डॉक्टरांनी किलोमागे ६० मिली धरलं, म्हणजे ४४ किलोला दिवसाचे जवळपास २ लिटर ६५० मिली. "भरपूर पाणी पी" या वाक्याचा तिला काही उपयोग नव्हता, कारण तिच्या मते ती भरपूरच पीत होती. म्हणून एक लिटरची बाटली घेतली आणि घरातल्या स्टीलच्या ग्लासात नेमकं किती मावतं ते मोजलं. तो १८० मिलीचा निघाला, ती पाव लिटर समजत होती. मग ठरलं की बाटली सकाळी कामावर निघेपर्यंत एकदा, दुपारच्या जेवणापर्यंत दुसऱ्यांदा रिकामी व्हायची आणि उरलेलं रात्री झोपेपर्यंत. ताक, वरणाचं पाणी, लिंबू सरबत हिशेबात चालेल, चहा धरायचा नाही. उलट्यांच्या दिवशी घटाघट न पिता दर दोन-तीन मिनिटांनी दोन चमचे, आणि एका लिटरला एक पुडी या मापाने ओआरएस. सुपरवायझरला द्यायला डॉक्टरांकडून चिठ्ठीही घेतली, की हिला मधूनमधून पाण्याला आणि संडासला जाऊ द्यावं. तुमचा आकडा तुमच्या वजनावरून तुमचे डॉक्टर काढतील. पुढे बीपी वाढलं किंवा अंगावर सूज आली तर तो बदलतो, म्हणून तिचाच आकडा घेऊन बसू नका.

घरच्या घरी बघायला तुमच्याकडे वजनकाटा आहे. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत किलोभर उतरलं, किंवा दिवसभर पाण्याचा घोटही पोटात राहत नसेल, तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

पुढचे महिने सुनंदाचे बरे गेले. एकतिसाव्या आठवड्यात आजेसासरे वारले. तिने जाऊ नये असं आम्ही सांगितलं होतं, पण घरचं कार्य, कोण थांबतं? रात्रीची एसटी, वाटेत उतरायला नको म्हणून पाणी बंद, वर गावी पावसात भिजली. तहान, थंडी, जागरण आणि दगदग हे चारही एकाच वेळी झालं. परत येतानाच मांड्या आणि कंबर ठणकायला लागली. नवऱ्याने जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. तिथे सलाइन लावलं आणि डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं. एरवी अंगदुखीला ते सर्रास देतात. पण सात महिने उलटल्यावर या जातीच्या वेदनाशामकांनी बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं, बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते आणि आईच्या मूत्रपिंडावरही ताण येतो.

तिसऱ्या दिवशी थोडा खोकला आणि श्वास घेताना छातीत कळ. थंडी बाधली असेल, असं सगळ्यांना वाटलं. नवऱ्याने आम्ही दिलेल्या कागदावरचं वाचून बोटाला लावायचं यंत्र आणलं. एरवी ९७ असणारा ऑक्सिजन ९१ दाखवत होता. कागदावर ९५ च्या खाली आल्यास १०८ ला फोन करा, असं लिहिलेलं होतं. त्याने केला.

मोठ्या रुग्णालयात पोटावर शिशाचा पडदा ठेवून छातीचा एक्सरे काढला. फुप्फुसात डाग होता, म्हणजे सिकलसेलमधला छातीचा झटका. तो वेदनेच्या झटक्यानंतर दोन-तीन दिवसांनी असाच गुपचूप येतो, सुरुवातीला साध्या न्यूमोनियासारखा वाटतो आणि आई दगावू शकते. तिचं हिमोग्लोबिन एरवी ८.१ असायचं, ते ५.९ वर आलं होतं. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, दुखण्यासाठी मोजून मॉर्फिन. सलाइन मात्र हात राखून, कारण जास्त पाणी चढवलं तर तेच फुप्फुसात उतरतं.

आणि रक्त. लहानपणी तिला दोनदा रक्त चढवलेलं होतं, त्यामुळे तिच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार झाली होती. रक्तगट जुळूनही पहिल्या पिशव्या क्रॉसमॅचला जुळल्या नाहीत. पुण्यातल्या दुसऱ्या रक्तपेढीतून जुळणारं रक्त आणेपर्यंत निम्मा दिवस गेला. तेवढा वेळ तिला सांभाळू शकणारा अतिदक्षता विभाग हाताशी होता, म्हणून ती टिकली. तुमच्या मॅडम तुम्हाला पुढे पाठवतायत त्या याचसाठी. चांगल्या डॉक्टर आहेत म्हणूनच पाठवतायत, त्यांना सोडू नका, दोन्हीकडे दाखवत राहा. प्रसूतितज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग एका छताखाली किंवा एका फोनवर असले पाहिजेत. ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात प्रसूती विभाग, मेडिसिन आणि रक्तपेढी एकाच आवारात आहेत. खाजगीत नाव नोंदवत असाल तर रक्तविकारतज्ज्ञ कोणत्या वारी असतात आणि रात्री कोणाला बोलावतात, हे आधी विचारा.

सुनंदाची प्रसूती अडतिसाव्या आठवड्यात झाली, मुलगी २ किलो ३०० ग्रॅमची. बाळंतपणानंतरचे दिवसही झटक्याचे आणि रक्त गोठण्याचे असतात, म्हणून तिला हेपारिनची इंजेक्शनं देऊन घरी सोडलं.

आता तुमच्या या आठवड्याच्या कामांचं. पहिलं काम नवऱ्याच्या रक्ताची एचपीएलसी तपासणी, म्हणजे हिमोग्लोबिन कोणत्या जातीचं ते दाखवणारी. शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी पुरत नाही, तिच्यात थॅलेसेमियाचा वाहक सापडत नाही आणि तोही तुमच्याबाबतीत महत्त्वाचा. ते वाहक नसतील तर तुमची सगळी मुलं फक्त वाहक होतील. ते सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक वेळी मूल एसएस असण्याची शक्यता निम्मी. तसं असेल आणि तुम्हाला बाळाचं आधी जाणून घ्यायचं असेल, तर वारेच्या पेशींची तपासणी साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात होते, म्हणून ही घाई.

दुसरं, घरातल्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. हायड्रॉक्सीयुरिया घेत असाल तर आजच फोन करून विचारा. ती गरोदर राहायच्या आधीच थांबवतात. पण ती घेताना दिवस गेले म्हणून लगेच गर्भ पाडायचा नसतो, सोनोग्राफी नीट करून बघतात. अंगणवाडीतून मिळणारी लोहाची लाल गोळी फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेलं लोह, तपासल्याशिवाय तुम्ही घेऊ नये. तुमचं रक्त लोहाअभावी कमी नाही, पेशी लवकर फुटतात म्हणून कमी आहे. तुम्हाला लागतं ते फोलिक ॲसिड, रोज ५ मिलिग्रॅम, आणि लाल गोळीत ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतं. नणंदबाईंनी मात्र आपली लोहाची गोळी यावरून बंद करू नये. बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन बहुधा सुरू करतील, बीपी वाढू नये म्हणून. ती वेदनेची गोळी समजून बंद करू नका.

तिसरं, आजवर कधी, कुठे, किती रक्त चढवलं ते आईला विचारून एका कागदावर लिहा आणि फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. त्याखाली तुमचा नेहमीचा हिमोग्लोबिनचा आकडा. ताप १००.४ च्या वर गेला, छातीत दुखलं, धाप लागली, किंवा दुखणं पॅरासिटामॉलने दोन-तीन तासांत उतरलं नाही, तर मेडिकलवाल्याकडे न जाता हीच फाईल घेऊन निघा, रात्र असली तरी.