पालकाची भाजी आणि माझी रेफरन्स लिस्ट

प्रश्न: रेफरन्स द्यायला शिकल्यावर तुमच्या वाचण्यात खरंच काही फरक पडला का, की ती नुसती मार्कांसाठीची कटकट?

पहिले दोन महिने कटकटच होती. मी एफवायला आहे, आमच्याकडे रेफरन्स लिहायला एपीए पद्धत लागते, आणि स्वल्पविराम कुठे नि तिरपं अक्षर कुठे यातच माझा जीव जायचा. मी आधी सगळं लिहून काढायचे आणि मग शेवटी त्याला शोभतील असे रेफरन्स शोधून चिकटवायचे (खोटं कशाला बोलू, अर्धा वर्ग हेच करतो).

मग ॲनिमियावर असाइनमेंट आली. मी ऐटीत लिहिलं की पालकात खूप लोह असतं हा गैरसमज आहे, एका जर्मन शास्त्रज्ञाने १९व्या शतकात दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिलं आणि आकडा दहापट झाला. खाली एका वेबसाइटचा रेफरन्स. मॅडमनी त्याला गोल करून लिहिलं, "यांनी कुठून घेतलं?"

बघायला गेले तर त्या साइटवर दुसऱ्या लेखाचं नाव, त्यात तिसऱ्याचं, असं करत करत १९८१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या हॅम्ब्लिन नावाच्या डॉक्टरांच्या लेखापाशी पोचले आणि तिथे त्या दशांश चिन्हाच्या गोष्टीला रेफरन्सच नाही! पुढे माइक सटन या अभ्यासकांनी २०१० मध्ये आणि रेकडाल या दुसऱ्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये याच साखळीचा माग काढलाय, दशांश चिन्हाच्या चुकीचा पुरावा काही सापडला नाही. म्हणजे गैरसमज खोडणारी गोष्टच ऐकीव निघाली, आणि मी ती खरी म्हणून सांगायला निघाले होते.

मग आकडे बघितले. कच्च्या पालकात १०० ग्रॅमला साधारण २.७ मिलिग्रॅम लोह असतं, पण पालकात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच, त्यामुळे वाळवलेल्या पालकाचा आकडा त्याच १०० ग्रॅमला दहापटीच्या आसपास जातो. तेव्हा आता आकडा दिसला की आधी ओला की सुका, शिजवलेला की कच्चा, ते बघते. शिवाय वनस्पतीतलं लोह मांसातल्यापेक्षा शरीरात कमी शोषलं जातं, म्हणजे ताटात किती आहे आणि अंगी किती लागतं हे दोन वेगळे प्रश्न, आणि बरेच लेख एकाचा रेफरन्स देऊन दुसऱ्याबद्दल बोलतात.

आता मी लेख वाचताना मधेच उडी मारून खाली रेफरन्स बघून येते. पाच जण एकच गोष्ट सांगत असले तरी पाचही जण एकाच लेखाकडे बोट दाखवत असतील तर मी ते एकच धरते. वेळ जातो, आणि प्रत्येक वाक्याला हे करत बसले तर एक चॅप्टरही होणार नाही, म्हणून ज्या वाक्यावर माझा मुद्दा उभा आहे तेवढंच मुळापर्यंत तपासते. मूळ लेख मिळाला नाही तर सरळ लिहिते की अमक्याच्या लेखात उद्धृत, मूळ वाचल्याचा आव आणत नाही.

घरी मात्र आईला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, ते ठीक आहे, भाजीवर लिंबू पिळ आणि खा. क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं हे माझ्या असाइनमेंटमध्ये नंतर रेफरन्ससकट गेलं.