करामत, आजिजी आणि पैठणचा रेडा

प्रश्न : "तौलनिक धर्माच्या पेपरला ‘संत’ आणि ‘सेंट’ची तुलना आहे. दोन्ही शब्द एकाच मुळाचे ना? आणि औलियांच्या करामतीला चमत्कार म्हटलं तर चालेल का?" (परभणीची एक विद्यार्थिनी)

मुळं वेगळी. ‘संत’ हा ‘सत्’चा, म्हणजे ‘असणे’ या धातूचा. ‘सन्तः’ हे त्याचं अनेकवचन, ते आपण एकवचनी करून टाकलं. ‘सेंट’ लॅटिन ‘सँक्टुस’वरून आला, म्हणजे विधीने पवित्र ठरवलेला. उच्चार जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

खरी गंमत करामतीत आहे. हल्ली ‘चोरट्यांची करामत’ अशी बातमी वाचली की डोकं फिरतं. अरबीत ‘करामत’ म्हणजे देवाने वलीला, म्हणजे एखाद्या औलियाला, दिलेला मान. खुलदाबादच्या औलियांची सांगतात ती हीच. पैगंबराच्या हातून घडतं त्याला करामत म्हणत नाहीत, त्याला शब्द ‘मुअजिजा’. ‘अजज़’ म्हणजे असमर्थ होणं. समोरच्याला "तू करून दाखव" असं आव्हान देऊन जो त्याला हतबल करतो तो मुअजिजा. वलीने मात्र करामत मिरवायची नसते, झाकायची असते. आता ऐका, आपली ‘आजिजी’ याच धातूची! सावकाराच्या दारात आजिजी करणारा तोच, ज्याचं काही चालत नाही. आमचे एक प्राध्यापक ती ‘आर्जवा’चा अपभ्रंश ठरवतात. अहो, आर्जव ‘ऋजु’वरून, त्याचा अर्थ सरळपणा, त्यातला ‘र’ गेला कुठे आणि शेवटी ‘ई’ आली कुठून? निजामाच्या राज्यात पिढ्या काढलेल्या मराठवाड्याला तरी हे सांगावं लागू नये.

आता पैठणच्या नागघाटावर या. आख्यायिकेत ब्रह्मवृंद ज्ञानेश्वरांना आव्हान देतो, ते रेड्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि रेडा वेद म्हणतो. आव्हान आहे, समोरचे हतबलही होतात, म्हणजे ढंग मुअजिजाचा. पण पैगंबरीचा दावा नाही, म्हणून इस्लामी शास्त्राच्या मापाने ही करामतच, तीही भर घाटावर केलेली, झाकलेली नव्हे. ‘सेंट’ ठरवणाऱ्या रोमच्या कॅथलिक दफ्तरात तर रेड्याची नोंदच होणार नाही. तिथे मोजतात तो मृत्यूनंतरचा चमत्कार : कुणी त्या व्यक्तीकडे मध्यस्थीची प्रार्थना केली आणि दुखणं अचानक, पूर्ण व कायमचं बरं झालं, वैद्यांनाही कारण सापडलं नाही, असा. ‘धन्य’ ही संतपदाआधीची पायरी, ती गाठायला एक, संत ठरायला आणखी एक. हुतात्म्याला पहिला माफ. मदर तेरेसा 1997 साली वारल्या, 2003 मध्ये धन्य आणि 2016 मध्ये संत ठरल्या. ज्ञानोबांना असं ठरवणारं दफ्तर कुणाचंच नव्हतं. लोक म्हणू लागले, झालं.

हां, पेपरचं राहिलंच. ‘चमत्कार’ लिहा, पण कुणाचा, जिवंतपणीचा की मागाहूनचा, ते लगेच पुढे लिहा.