दुकानाच्या अभिप्राय फॉर्ममधील प्रश्न उत्तर न सुचवता कसे विचारावेत?

प्रश्न: "माझे छोटे दुकान आहे. ग्राहकांसाठी एक फॉर्म ठेवला आहे. त्यात पहिला प्रश्न 'आमची तत्पर आणि नम्र सेवा आपल्याला किती आवडली?' असा आहे आणि पर्याय 'खूपच आवडली, खूप आवडली, आवडली, ठीक' असे आहेत. जवळजवळ सगळे पहिल्या दोन पर्यायांवरच खूण करतात. मला खरे मत हवे आहे. प्रश्न कसा बदलू?"

उत्तर:

प्रश्नावल्या तपासण्याच्या कामात मला हे दुखणे वारंवार दिसते. तुम्ही प्रश्न जसाच्या तसा दिला हे बरे झाले, कारण त्या एका ओळीत आणि तिच्या पर्यायांत मिळून चार वेगवेगळे दोष आहेत आणि ते एकेक करून काढता येतात.

पहिला दोष विशेषणांचा. सेवा तत्पर होती की नाही, हेच तुम्हाला विचारायचे आहे. पण प्रश्नाने ती तत्पर होती असे आधीच ठरवून टाकले आहे. ज्याला ती संथ वाटली, त्याला उत्तर देण्याआधी तुमचे विधान खोडावे लागेल आणि अनोळखी कागदाशी वाद घालण्याइतका उत्साह कोणाला नसतो. दुसरा दोष असा की तत्परता आणि नम्रता या दोन स्वतंत्र गोष्टी एकाच प्रश्नात बांधल्या आहेत. बोलणे गोड पण काम सावकाश, असा अनुभव आलेल्या माणसाने कुठे खूण करायची? तिसरा दोष 'किती आवडली' या रचनेत आहे. तीत आवडणे गृहीत धरले आहे आणि फक्त प्रमाण विचारले आहे. चौथा दोष पर्यायांत आहे. तीन पर्याय पसंतीचे, एक गुळमुळीत आणि नापसंतीचा एकही नाही. नाराज ग्राहकाने 'ठीक' निवडले, तर तो नाराज होता हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता दुरुस्ती. विशेषणे काढून आणि प्रश्नाचे दोन भाग करून पहिला मसुदा बहुतेक जण असा लिहितात: 'बिल होईपर्यंत आपल्याला किती वेळ थांबावे लागले?' वरवर पाहता हा प्रश्न निर्दोष दिसतो. परंतु 'थांबावे लागले' या क्रियापदात सक्ती आणि थोडी तक्रार आहे, म्हणजे आता कल उलट्या बाजूला गेला. 'बिल होण्यास साधारण किती मिनिटे लागली?' ही रचना दोन्हीकडे झुकत नाही. त्यापुढे मिनिटांचे गट छापू नका, एक मोकळी रेघ ठेवा. गट दिले की मधला गट म्हणजे 'सर्वसाधारण' असा समज होतो आणि ज्याला नेमके आठवत नाही तो तिकडे सरकतो.

हे अंदाजाने सांगत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात डोकेदुखीवरील औषधांविषयीच्या मुलाखतींचा उल्लेख आहे. काहींना 'तुमचे डोके वारंवार दुखते का, आणि दुखत असल्यास किती वेळा' असे विचारले, तर इतरांना 'वारंवार'ऐवजी 'अधूनमधून' असा शब्द वापरून विचारले. पहिल्या गटाने आठवड्याला सरासरी 2.2 वेळा सांगितले, दुसऱ्या गटाने 0.7 वेळा. त्याच मुलाखतींत आतापर्यंत आणखी किती औषधे वापरून पाहिली, हे विचारताना एका गटापुढे '1, 2 की 3' असे आकडे ठेवले आणि दुसऱ्यापुढे '1, 5 की 10' असे. उत्तरांची सरासरी अनुक्रमे 3.3 आणि 5.2 आली. आपलेच डोके किती वेळा दुखते यासारख्या गोष्टीतही शब्दाने एवढा फरक पडत असेल, तर काउंटरवर गेलेल्या वेळेबद्दल तो पडणारच.

मिनिटांनंतर मत विचारा: 'हा वेळ आपल्याला कसा वाटला?' पर्याय: अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतका, अपेक्षेपेक्षा जास्त, सांगता येत नाही. दोन बाजूंना समान पर्याय, मध्ये एक तटस्थ आणि बाहेर पडायला एक वाट, एवढे पुरे. बोलण्यावागण्याविषयीचा प्रश्न वेगळा ठेवा: 'दुकानातील व्यक्तीचे आपल्याशी बोलणे कसे होते?' आणि पर्याय: खूप चांगले, चांगले, ना चांगले ना वाईट, वाईट, खूप वाईट. 'वाईट' हा शब्द स्वतःच्या फॉर्मवर छापताना दुकानदाराचा हात अडखळतो हे मी पाहिले आहे. तो छापाच, छापलेला शब्द नसेल तर ग्राहक तो स्वतःहून लिहीत नाही.

मराठीत एक धोका खास सांभाळावा लागतो, तो वाक्याच्या शेवटचा. 'हवी ती वस्तू मिळाली ना?' यातला 'ना' होकार मागून घेतो. 'मिळाली नाही का?' हा उलट बाजूने ढकलतो. साधे 'मिळाली का?' बरे, तरीही हो-नाहीच्या प्रश्नात 'हो' म्हणण्याकडे माणसाचा कल असतोच. म्हणून दोन्ही शक्यता प्रश्नातच मांडा: 'गेल्या खेपेस हवी असलेली वस्तू मिळाली की मिळाली नाही? मिळाली नसल्यास कोणती?' तटस्थ म्हणजे मोघम नव्हे, हेही येथे दिसेल. 'दुकानाबद्दल आपले मत लिहा' हा प्रश्न पूर्ण तटस्थ आहे आणि त्याला 'छान' याशिवाय क्वचितच काही उत्तर येते.

क्रमाचेही थोडे पाहा. एकूण अनुभवाविषयीचा प्रश्न सर्वांत आधी ठेवा, कारण आधी वेळेबद्दल विचारले तर एकूण मत त्याच वेळेच्या आठवणीतून दिले जाते. फॉर्मच्या माथ्यावर 'आपल्या समाधानासाठी आम्ही अहोरात्र झटतो' अशी ओळ असेल तर ती काढा. तीही उत्तर सुचवतेच.

शब्द नीट झाले की नाही, हे तपासण्याची पहिली पायरी सोपी आहे. दुकानाशी संबंध नसलेल्या दोघातिघांना फक्त प्रश्न वाचून दाखवा आणि 'दुकानदाराला कोणते उत्तर हवे असेल?' असे विचारा. सगळ्यांनी एकच उत्तर सांगितले, तर प्रश्न अजून झुकलेला आहे. शंका उरली तर 'थांबावे लागले' आणि 'वेळ लागला' अशा दोन आवृत्त्या छापून एकाआड एक ग्राहकाला द्या आणि उत्तरांची तुलना करा. मात्र दहावीस फॉर्ममधला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. प्रत्येक आवृत्तीचे निदान शंभरेक फॉर्म हाती येईपर्यंत निष्कर्ष काढू नका, आणि त्यानंतरही लहानसहान फरकाला महत्त्व देऊ नका.

शब्दांनी न सुटणारी एक गोष्ट मात्र आहे: ग्राहक तुमच्या डोळ्यांदेखत फॉर्म भरून तुमच्याच हातात देत असेल, तर सर्वांत तटस्थ प्रश्नालाही भिडेखातर गोड उत्तर मिळेल. नाव-फोन नंबरचा रकाना काढा आणि घडी घालून टाकण्यासाठी बंद पेटी दाराजवळ, काउंटरपासून दूर ठेवा. नव्या फॉर्ममधले आकडे जुन्यापेक्षा खाली आले तर सेवा बिघडली असे समजू नका. दोन्ही फॉर्मचे प्रश्न वेगळे असल्यामुळे त्यांची तुलनाच होऊ शकत नाही, म्हणून जुना गठ्ठा बाजूला ठेवून मोजणी नव्याने सुरू करा.